छापखान्यात फाइल देण्याआधी ‘कर्व्ह’: कसा मारायचा, कुठे मारायचा नाही

धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मी घरीच कोरलड्रॉमध्ये केली होती. वधूवरांची नावं श्रीलिपीतल्या एका वळणदार फॉन्टमध्ये आणि बाकीचं सगळं मॅटर मुक्त या युनिकोड फॉन्टमध्ये. पेनड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेले, त्यांनी फाइल उघडली आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली. समोरचा माणूस एवढंच म्हणाला, “ताई, कर्व्ह मारून आणा.”

तेव्हा मला वाटलं की गोंधळ फक्त नावांचाच आहे. खरा धोका खाली होता. त्यांच्या संगणकावर मुक्त नव्हता, म्हणून कोरलने त्याऐवजी दुसराच देवनागरी फॉन्ट घातला होता. मजकूर मराठीतच दिसत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण अक्षरं थोडी रुंद झाली होती आणि ‘आपले नम्र’च्या खालची शेवटची ओळ चौकटीतून गायब झाली होती. खिचडी कुणालाही दिसते, हे असं दिसत नाही. पहिल्यांदाच छापखान्यात फाइल देणाऱ्यासाठी म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. उदाहरण त्या पत्रिकेचंच घेते आणि मुख्यतः कोरलचं सांगते, कारण आपल्याकडच्या छोट्या छापखान्यांत अजूनही तेच जास्त चालतं. इलस्ट्रेटर या दुसऱ्या डिझाइन प्रोग्रामचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन.

आधी, कर्व्ह म्हणजे काय होतं?

तुम्ही टाइप केलेला मजकूर फाइलमध्ये अक्षरांच्या क्रमाने साठवलेला असतो. त्यांचे आकार फॉन्टच्या फाइलमध्ये असतात, तुमच्या डिझाइनमध्ये नसतात. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याचा संगणक जवळ असेल तो फॉन्ट लावतो. कर्व्ह केलं की प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा फाइलमध्येच उतरते. मग ‘क’ हे अक्षर राहत नाही, ‘क’च्या आकाराचं चित्र होतं. कोरलमध्ये याला Convert to Curves म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये Create Outlines. छापखान्यात दोन्हीला कर्व्हच म्हणतात.

श्रीलिपीतल्या त्या फॉन्टसारख्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये हे जास्त जाणवतं. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट गेला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये मजकूर मराठीच राहतो, फक्त रूप आणि रुंदी बदलते.

हाताशी काय हवं

- ज्या संगणकावर सगळे फॉन्ट आहेत तिथली मूळ फाइल
- अंतिम मजकुराचा कागदावरचा प्रिंट आणि तो वाचायला घरातला एक तरी दुसरा माणूस
- पीडीएफ उघडून फॉन्टची यादी दाखवणारा प्रोग्राम, मोफतचा अॅक्रोबॅट रीडर पुरतो
- छापखान्यात कोरलची कोणती आवृत्ती आहे, याची माहिती

१. छापखान्याला काय हवं ते आधी विचारा

सरसकट कर्व्ह मारून पाठवू नका. जो छापखाना तुमची सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल उघडून स्वतः पानं मांडतो, एका मोठ्या कागदावर चार पत्रिका लावतो, त्याला कर्व्हच हवा. तो तुमच्या फाइलला हात लावणार, आणि त्याच्या संगणकावर तुमचे फॉन्ट नसणार. उलट मोठ्या ऑफसेट छापखान्यात बहुधा पीडीएफ मागतात, आणि फॉन्ट आत घातलेली पीडीएफ असेल तर कर्व्हची गरज नसते. खास छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स प्रकारच्या फाइलींमध्ये तर सगळे फॉन्ट आत असणं हा नियमच आहे.

आवृत्ती विचारायचं कारण वेगळं आहे. नव्या कोरलमधली फाइल जुन्यात उघडत नाही. Save As करताना Version च्या यादीतून त्यांची आवृत्ती निवडावी लागते. कर्व्ह न केलेल्या, म्हणजे जिवंत मजकुराची फाइल अशी जुन्या आवृत्तीत उतरवली की ओळी हलण्याची शक्यता असते. कर्व्ह केलेली असेल तर ओळींचा प्रश्नच उरत नाही, म्हणून आधी कर्व्ह आणि मग जुनी आवृत्ती, हा क्रम ठेवा.

२. मजकूर कागदावर वाचा, आणि मराठीच्या नजरेने वाचा

कर्व्ह झाल्यावर वेलांटी बदलता येत नाही, म्हणून प्रूफ आत्ताच बघायचं. नेहमीच्या शुद्धलेखनाशिवाय देवनागरीच्या काही खास जागा आहेत. तिथे चूक टाइप करणाऱ्याची नसते, प्रोग्रामची किंवा फॉन्टची असते, आणि कर्व्ह ती चूक तशीच गोठवून टाकतो.

इलस्ट्रेटर वापरत असाल तर आधी पहिली वेलांटी बघा. ‘कि’ मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसत असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली असतील, तर मजकूर चुकीच्या कंपोजरमधून, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्या भागातून जातो आहे. प्रेफरन्सेसमध्ये Type खाली Show Indic Options चालू करा आणि Paragraph पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई भाषांचा कंपोजर निवडा. पुस्तकांची पानं मांडायच्या इनडिझाइन या प्रोग्राममध्ये यासाठी World-Ready Paragraph Composer असतो.

मग ‘ल’ आणि ‘श’ बघा. हिंदी वळणाचा ‘ल’ आणि आपला ‘ल’ वेगळे. अनेक युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच आपलं रूप येतं. ‘सौ. कमल’ हिंदी वळणात छापलं तर अर्थ बदलत नाही, पण आजी पत्रिका हातात घेतल्या घेतल्या म्हणणारच, “हे असं काय छापलंय?” नंतर ‘ऱ्या’ बघा. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशा आडनावांत हा आडवा र लागतो आणि काही फॉन्टमध्ये तो रफार होऊन वर चढतो. शेवटी ‘ॲ’. जुन्या फॉन्टमध्ये हे अक्षरच नसतं, त्याजागी रिकामी चौकट येते. ‘ॲड.’ लावणारा एखादा मामा प्रत्येक पत्रिकेत असतोच.

वाचून झालं की प्रूफवर घरातल्या जाणत्या माणसाची सही घ्या. हसू नका, त्याचं कारण पुढच्याच पायरीत येईल.

३. मूळ फाइल बाजूला ठेवा

कर्व्ह मारायच्या आधी Save As करून दोन वेगळ्या फाइली करा:

```
patrika_live.cdr
patrika_curve.cdr
```

यापुढचं सगळं काम दुसऱ्या फाइलवर. पहिल्या वेळी मी ही पायरी गाळली होती. कर्व्ह मारला, त्याच नावाने सेव्ह केलं, फाइल बंद केली. संध्याकाळी गुरुजींचा फोन आला की मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा नाही, १२ वाजून २१ मिनिटांचा आहे. फाइलमध्ये आकडे नव्हते, आकड्यांच्या आकाराची चित्रं होती. Ctrl+Z फाइल बंद केल्यावर कामाचा नसतो. १ आणि २ हे आकडे पत्रिकेतल्या तारखेतून कापून आणून चिकटवले, कारण नव्याने टाइप केलेल्या आकड्यांचा आकार पुन्हा जुळेना. ‘वाजून’ आणि ‘मिनिटांनी’ सुदैवाने तेच राहिले. रात्रीचे दीड वाजले.

पत्रिकेत शेवटच्या क्षणी वेळ, पत्ता किंवा एखाद्या काकांचं नाव बदलतंच. बदल नेहमी लाइव्ह फाइलमध्ये करा आणि कर्व्हची फाइल नव्याने बनवा. कर्व्हच्या फाइलमध्ये डागडुजी केली की दोन्ही फाइली वेगळ्या होतात, आणि मग खरी कोणती हे तुम्हालाच कळत नाही.

४. लपलेला मजकूर शोधा

सगळं निवडून Ctrl+Q दाबलं की झालं, असं वाटतं. पण काही मजकूर या फेऱ्यातून निसटतो. लॉक केलेली किंवा लपवलेली लेयर ही नेहमीची जागा. कोरलमध्ये दुसरी जागा म्हणजे पॉवरक्लिप: गणपतीच्या चौकटीत आत टाकलेला ‘श्री गणेशाय नमः’ बाहेरून निवडला जात नाही. त्या चौकटीत आत शिरून तिथला मजकूर वेगळा कर्व्ह करावा लागतो.

तिसरी जागा परिच्छेदाची चौकट. चौकट लहान पडली की जास्तीचा मजकूर खाली दडून राहतो आणि चौकटीच्या खालच्या कडेला तशी खूण दिसते. कर्व्ह जे दिसतं त्याचाच होतो. आधी चौकट खाली ओढून सगळ्या ओळी बाहेर काढा. इनडिझाइनवाल्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची: आपोआप आलेले बुलेट, क्रमांक आणि मजकुराखालच्या रेघा कर्व्ह करताना उडून जाऊ शकतात.

इलस्ट्रेटरमध्ये आधी Alt+Ctrl+2 ने लॉक केलेल्या वस्तू अनलॉक करा, Alt+Ctrl+3 ने लपवलेल्या वस्तू बाहेर काढा, लॉक केलेल्या आणि लपवलेल्या लेयर Layers पॅनेलमधून उघडा, मग पुढे जा.

५. कर्व्ह मारा

कोरलमध्ये Edit > Select All > Text, मग Ctrl+Q. इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+A आणि Shift+Ctrl+O. इंकस्केपमध्ये सगळं निवडून Shift+Ctrl+C. एवढंच. सगळ्यात सोपी पायरी हीच आहे.

अक्षरांचा आकार मात्र आधी ठरवून मगच हे करा. मोठ्या आकाराला कर्व्ह करून नंतर ओढून लहान केलं, तर छोट्या पॉइंटसाठी फॉन्टमध्ये जी काही सोय असते ती मिळत नाही.

६. खरंच झालं का, ते तपासा

कोरलमध्ये File > Document Properties उघडा. तिथे Text Statistics खाली एकही टेक्स्ट ऑब्जेक्ट उरता कामा नये. इलस्ट्रेटरमध्ये Type > Find Font मधली यादी रिकामी हवी. कधी कधी सगळं कर्व्ह होऊनही तिथे एखादा फॉन्ट चिकटून दिसतो. टेक्स्ट टूलने चुकून कुठेतरी क्लिक झालेलं असतं आणि तिथे मजकूर नसलेला बिंदू उरलेला असतो. Object > Path > Clean Up ने तो जातो.

माझा जास्त विश्वास पीडीएफवर आहे. कर्व्ह केलेली फाइल पीडीएफ करा, अॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबा आणि Fonts हा टॅब बघा. सगळं कर्व्ह असेल तर तो कोरा दिसतो. एखादं नाव दिसलं तर तेवढा मजकूर राहिला आहे, आणि फॉन्टच्या नावावरून तो कुठला हेही लगेच कळतं. माझ्या पत्रिकेत तिथे मुक्त दिसला होता, तो पॉवरक्लिपमधला गणपतीच्या चौकटीचा मजकूर निघाला.

दुसरी तपासणी डोळ्यांची. लाइव्ह आणि कर्व्ह अशा दोन्ही फाइलींचे साध्या प्रिंटरवर प्रिंट काढा, एकावर एक धरा आणि खिडकीसमोर उजेडात बघा. एखादी ओळ सरकली असेल, कुठे अनुस्वार उडाला असेल, तर लगेच दिसतं. स्क्रीनवर तासभर बघून जे सापडत नाही ते असं मिनिटात सापडतं.

७. शिरोरेषेचे सांधे

हे फक्त आपल्याला भेडसावतं. रोमन अक्षरं बहुधा सुटी असतात, देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणून रेषा सलग दिसते. कर्व्ह झाल्यावर ती अक्षरं एकमेकांवर चढलेले वेगवेगळे आकार म्हणूनच राहतात. साध्या काळ्या छपाईत काही फरक पडत नाही. पण तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिलं, अक्षरांना सोनेरी बॉर्डर दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. दुसरं, पारदर्शकता दिली की सांध्यावर रंग दुप्पट गडद दिसतो. तिसरं आणि महाग पडणारं म्हणजे प्लॉटरवर रेडियम कापणं किंवा लेझरने अॅक्रिलिकची अक्षरं कापणं. यंत्र प्रत्येक बाह्यरेषेवरून जातं, त्यामुळे सलग शिरोरेषा अक्षरागणिक तुकड्यांत कापली जाते. मांडवाच्या दारावर लावायचं भावाचं नाव असंच तुकड्यांत हातात आलं होतं.

उपाय म्हणजे ते आकार जोडून एक करणं. कोरलमध्ये कर्व्ह झालेला शब्द निवडा, Shaping च्या डॉकरमध्ये, म्हणजे बाजूच्या पॅनेलमध्ये Weld निवडा, Weld To दाबून त्याच शब्दावर क्लिक करा. इलस्ट्रेटरमध्ये Pathfinder मधलं Unite. नंतर कोरलमध्ये View > Wireframe किंवा इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Y करून नुसत्या रेषा बघा. शिरोरेषेत मध्ये एकही उभी रेघ दिसायला नको.

इथे दोन सापळे आहेत. Ctrl+K ने शब्द फोडला की ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटं वेगळी होऊन काळी भरतात. घाबरून Ctrl+L ने पुन्हा कम्बाइन केलं की पोटं मोकळी होतात, पण जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढली होती तिथे पांढरी भोकं पडतात. कम्बाइन आणि वेल्ड एक नव्हे.

८. कुठे कर्व्ह मारू नये

लहान अक्षरं डिजिटल मशिनवर छापायची असतील तर विचार करा. फॉन्टमध्ये बारीक अक्षरं नीट उमटावीत म्हणून सूचना भरलेल्या असतात, कर्व्ह केल्यावर त्या जातात. शिवाय साध्या आकाराची कड ज्या ठिपक्याला नुसती स्पर्श करते, तो ठिपकाही यंत्र भरून टाकू शकतं. म्हणजे रेघ साधारण एका ठिपक्याने जाड होऊ शकते. ६ पॉइंटच्या अक्षरातली बारीक रेघ ०.१५ मिलिमीटर धरा. ऑफसेटची प्लेट २४०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला २४०० ठिपक्यांवर निघत असेल तर एक ठिपका सुमारे ०.०१ मिलिमीटर, रेघ फार तर ७ टक्के जाड होईल, डोळ्याला कळणार नाही. ६०० डीपीआयच्या लेझर मशिनवर एक ठिपका ०.०४ मिलिमीटरचा, म्हणजे पाव रेघेहून जास्त जाडी वाढू शकते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक अशाने बुजतो. पत्रिकेच्या १४ पॉइंटच्या मॅटरला याची भीती नाही. औषधाच्या लेबलाला आहे. दहा फुटी फ्लेक्सला तर अजिबात नाही.

पुस्तक, स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अहवाल, असं भरपूर मजकुराचं काम कर्व्ह करू नका. फाइल जड होते, मजकूर शोधता किंवा कॉपी करता येत नाही, आणि छापखान्यात शेवटच्या क्षणी एका शब्दाची दुरुस्ती करायची म्हटलं तर होत नाही. तिथे फॉन्ट आत घातलेली पीडीएफच द्या. अॅक्रोबॅटच्या त्याच Fonts टॅबमध्ये प्रत्येक नावापुढे Embedded किंवा Embedded Subset लिहिलेलं आहे ना, तेवढं बघा.

कधी अशी पीडीएफ हातात असते आणि छापखाना कर्व्हचाच आग्रह धरतो. मूळ प्रोग्राम जवळ नसेल तर घोस्टस्क्रिप्ट हा मोफत प्रोग्राम पीडीएफमधल्या अक्षरांचे आकार करून देतो:

```
gs -o curve.pdf -sDEVICE=pdfwrite -dNoOutputFonts live.pdf
```

विंडोजवर gs च्या जागी gswin64c लिहा. फॉन्ट पीडीएफमध्ये आधीच असेल तरच हे नीट चालतं. नसेल तर चुकीच्याच फॉन्टचे कर्व्ह मिळतील.

एक प्रश्न नेहमी येतो: कर्व्हऐवजी फॉन्टचीच फाइल पेनड्राइव्हवर टाकून दिली तर? विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुधा ठरावीक संगणकांपुरताच असतो. तो छापखान्याला देणं नियमात बसेलच असं नाही. कर्व्हमध्ये फॉन्ट हलत नाही, त्याचे आकार तेवढे जातात. मुक्तसारख्या मोफत फॉन्टला ही अडचण नाही.

९. फाइल देताना

कर्व्हची सीडीआर त्यांच्या आवृत्तीत, सोबत तीच पीडीएफ, आणि सही केलेल्या प्रूफचा फोटो, अशा तीन गोष्टी द्या. पीडीएफ छापायला नव्हे, त्यांनी उघडलेली फाइल तुमच्यासारखीच दिसते का ते ताडून बघायला. प्लेट काढण्याआधी त्यांच्या स्क्रीनवर एकदा स्वतः बघून या, निदान व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा आणि चौकटीच्या अगदी तळाची ओळ आधी बघा.

लाइव्ह फाइल, तिच्यात वापरलेल्या फॉन्टची नावं आणि कोरलची आवृत्ती एका फोल्डरमध्ये ठेवा. भावाच्या पत्रिकेचं तेच फोल्डर उघडून परवा मी त्याच्या मुलीच्या बारशाचं निमंत्रण केलं. वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा नावाच्या स्पेलिंगवर घरात एकमत होण्यात गेली.